पीएफ ट्रान्सफर नावावर किंवा जन्मतारखेवर अडकला असेल तर दुरुस्ती कुठून सुरू करायची

नव्या कंपनीत लागून सहा-आठ महिने झाले. नव्या कंपनीचा पीएफ पासबुकात नियमित दिसतो, पण जुन्या कंपनीची रक्कम जुन्या मेंबर आयडीवरच पडून आहे. ऑनलाइन अर्ज केला तर तो नामंजूर होऊन परत येतो आणि कारणात नाव, वडिलांचं नाव किंवा जन्मतारीख जुळत नसल्याचं लिहिलेलं असतं. यावर बहुतेक जण तोच अर्ज पुन्हा भरतात. तो पुन्हा त्याच कारणानं परत येतो, कारण अर्जात काही चूक नसतेच. चूक त्याच्या मागच्या नोंदीत असते, आणि ती नोंद नेमकी कुठली हे शोधणं हेच खरं काम आहे.

तुमचं नाव आणि जन्मतारीख तीन ठिकाणी नोंदलेली असते. पहिली नोंद आधारची. दुसरी यूएएनच्या प्रोफाइलची, म्हणजे कंपनी बदलली तरी तोच राहणाऱ्या बारा आकडी पीएफ क्रमांकाखालची. तिसरी प्रत्येक मेंबर आयडीची. मेंबर आयडी प्रत्येक कंपनीत नवा मिळतो आणि त्याखालची माहिती त्या कंपनीनं त्या वेळी भरलेली असते. यूएएन 2014 साली आले. त्याआधी किंवा त्या सुमारास उघडलेल्या खात्यांत कारकुनानं फॉर्मवरून जे वाचलं तेच टाइप झालेलं आहे. पोर्टलवर लॉगिन केल्यावर वर दिसणारं नाव यूएएनचं असतं. ते बरोबर दिसलं की माणूस निर्धास्त होतो, आणि जुन्या मेंबर आयडीखाली मात्र वेगळंच नाव बसलेलं असतं.

म्हणून अर्जाला हात लावण्याआधी तिन्ही नोंदी समोर ठेवा. मेंबर पोर्टलवर `View` खाली `Profile` उघडलं की यूएएनचं नाव, जन्मतारीख आणि आधार पडताळलेलं आहे की नाही हे दिसतं. `Service History` मध्ये आतापर्यंतचे सगळे मेंबर आयडी, रुजू झाल्याच्या आणि सोडल्याच्या तारखांसह असतात. मेंबर आयडीची नोंद बघायची तर `passbook.epfindia.gov.in` वरून प्रत्येक आयडीचं पासबुक वेगवेगळं डाउनलोड करा आणि वरच्या भागातलं नाव व जन्मतारीख वाचा. आकड्यांकडे नंतर बघा. आधारचं कार्ड शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडा. स्पेस, आद्याक्षरं, आडनावाची जागा, सगळं.

आपल्याकडे नावाचे घोळ ठरलेल्या जागी होतात. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी असतं, त्यामुळे जुन्या कंपनीनं ते तसंच उतरवलेलं असतं, आणि आधारवर ते शेवटी असतं. कुठे वडिलांचं नाव पूर्ण, तर कुठे नुसतं आद्याक्षर. ज्ञ, व, क्ष असलेल्या नावांचं इंग्रजी स्पेलिंग दोन कागदांवर दोन प्रकारचं. लग्नानंतर स्त्रियांच्या आधार आणि पॅनवर नवं आडनाव येतं आणि पहिल्या नोकरीच्या पीएफमध्ये माहेरचं राहतं. यातली बरीच प्रकरणं कागद जोडून सुटतात, पण पहिल्याच दिवशी एक गोष्ट ठरवावी लागते: कोणती नोंद बरोबर धरायची आणि कोणती बदलायची.

जन्मतारखेबाबत तर हे आणखी महत्त्वाचं. शाळेत नाव घालताना खरी तारीख माहीत नव्हती म्हणून गुरुजींनी १ जून लिहिलेली माणसं महाराष्ट्रात गावोगाव आहेत. दुसरीकडे आधार काढताना ज्यांनी फक्त वय किंवा साल सांगितलं, त्यांच्या आधारवर नुसतं साल किंवा 1 जानेवारी आलेली असते. या दोन तारखा आमनेसामने आल्या की लोक सरळ पीएफची तारीख बदलायला धावतात. पण दहावीचं प्रमाणपत्र, पॅन आणि पीएफ या तिन्हींत 1 जून असेल आणि आधार एकटं वेगळं असेल, तर दुरुस्ती आधारमध्ये करायची. उलट दिशेनं गेलात तर पीएफ आधारशी जुळेल, पण पुराव्याचा एकही कागद त्या तारखेला पाठिंबा देणार नाही.

इथे एक बारकावा समजून घ्या. पोर्टल तुमची माहिती आधारशी ताडून बघतं. पण कागदी अर्जात जन्मतारखेचा पुरावा म्हणून आधार चालत नाही. पीएफचा कारभार बघणाऱ्या ईपीएफओनं जानेवारी 2024 च्या परिपत्रकानं आधारला त्या यादीतून वगळलं. पुरावा म्हणून जन्मदाखला, बोर्डाची गुणपत्रिका किंवा प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट, पॅन, वास्तव्याचा दाखला असे कागद लागतात. काहीच नसेल तर सिव्हिल सर्जनचा वैद्यकीय दाखला आणि सोबत प्रतिज्ञापत्र. कार्यालय तारखेबाबत काटेकोर असतं त्यालाही कारण आहे: पेन्शन योजनेचं वय 58 या तारखेवरून मोजलं जातं. तारीख दोन वर्षांनी सरकली की पेन्शन सुरू होण्याचा दिवसही सरकतो.

तुमचं प्रकरण कोणत्या वाटेनं जाईल

हे ठरवायला दोन गोष्टी पुरतात: यूएएन कधी मिळाला आणि त्याला आधार पडताळून जोडलेलं आहे का. 1 ऑक्टोबर 2017 ही सीमारेषा आहे. त्या दिवसापासून यूएएन आधारशी ताळा करूनच दिला जाऊ लागला, म्हणून त्यानंतरच्या नोंदींवर ईपीएफओ जास्त विश्वास ठेवतं.

यूएएन त्या तारखेनंतरचा आणि आधार पडताळलेलं असेल, तर जानेवारी 2025 पासून नाव, जन्मतारीख, लिंग, आईवडिलांचं नाव, रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख अशा दुरुस्त्या सभासद स्वतः पोर्टलवर करू शकतो. `Manage` खाली जॉइंट डिक्लरेशनचा, म्हणजे नोंद दुरुस्तीच्या अर्जाचा पर्याय उघडायचा, आधारवरच्या ओटीपीनं सही करायची, झालं. कंपनीकडे जावं लागत नाही. अशा लोकांसाठी हा लेख इथेच संपला तरी चालेल.

यूएएन त्याआधीचा पण आधार पडताळलेलं असेल, तर हाच अर्ज ऑनलाइन भरायचा, मात्र तो कंपनीच्या लॉगिनमध्ये जातो आणि कंपनीच्या मंजुरीवर दुरुस्ती होते. यात लोक फसतात ते असं: नव्या कंपनीच्या एचआरला जुन्या कंपनीच्या काळातली नोंद बदलण्याचा अधिकार नाही. प्रत्येक कंपनी फक्त आपल्या नोकरीच्या काळात उघडलेल्या मेंबर आयडीची दुरुस्ती करू शकते. त्यामुळे चूक जुन्या आयडीवर असेल तर जुन्याच कंपनीचा दरवाजा वाजवावा लागतो, संबंध कसेही संपलेले असोत.

तिसरा गट सर्वात जास्त रखडतो. यूएएन जुना आहे आणि आधार जोडलेलंच नाही, कारण नाव किंवा तारीख जुळत नसल्यानं ते जोडलं जातच नाही. यांना कागदी जॉइंट डिक्लरेशन कंपनीमार्फत ईपीएफओ कार्यालयाला द्यावं लागतं. हीच वाट एका कल्पित उदाहरणावरून शेवटपर्यंत बघू.

एक प्रकरण, पहिल्या कागदापासून पासबुकापर्यंत

समजा एक गृहस्थ 2012 पासून पुण्याजवळच्या कारखान्यात होते, 2024 मध्ये तिथून बाहेर पडले आणि दुसरीकडे लागले. त्यांच्या नोंदी अशा आहेत:

```
Aadhaar     Dnyaneshwar Baburao Shinde   01/01/1988
UAN         SHINDE DNYANESHWAR B         01/06/1988
Member ID   SHINDE DNYANESHWAR B         01/06/1988
PAN         Dnyaneshwar Baburao Shinde   01/06/1988
SSC         Shinde Dnyaneshwar Baburao   01/06/1988
```

इथे दोन वेगळ्या चुका आहेत आणि त्या दोन वेगळ्या दिशांनी दुरुस्त होतात. जन्मतारखेत आधार एकटं पडलं आहे, म्हणून ती आधारमध्ये बदलायची. नावात आधार आणि पॅन पूर्ण आहेत आणि पीएफमध्ये वडिलांचं नाव आद्याक्षरापुरतं, तेही उलट क्रमानं आहे. म्हणून नाव पीएफमध्ये बदलायचं. दोन्ही चुका एकाच अर्जात पीएफकडे नेल्या असत्या, तर 1 जानेवारीसाठी एकही कागद जोडता आला नसता आणि त्या अर्जासोबत नावाची दुरुस्तीही अडकली असती.

आधी आधार. दहावीचं प्रमाणपत्र घेऊन आधार केंद्रावर जायचं आणि जन्मतारीख बदलून घ्यायची. आधारमध्ये जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते आणि नाव दोनदा, त्यामुळे पावतीवर छापून आलेली माहिती केंद्रावरच नीट वाचा. तिथे पुन्हा चूक झाली तर पुढचा मार्ग फार लांबचा आहे. बदल झाल्याचा संदेश आल्यावर नवं आधार डाउनलोड करून तारीख बघा आणि मगच पीएफकडे वळा. अर्ज केल्याच्या पावतीवर भरवसा ठेवून पुढचं काम सुरू केलं, तर ताळा जुन्याच तारखेशी होतो.

मग नाव. जॉइंट डिक्लरेशन या नावातच त्याचा अर्थ आहे: सभासद आणि कंपनी दोघं मिळून सांगतात की अमुक नोंद चुकीची आहे आणि तमुक बरोबर. एका रकान्यात सध्याची नोंद, शेजारी हवी असलेली. सध्याची नोंद लिहिताना पासबुकावर आहे तशीच उतरवा, तिथे स्वतःहून शुद्ध करू नका. कार्यालयातला कर्मचारी त्या रकान्यावरून संगणकातली नोंद शोधतो, आणि ती सापडली नाही तर अर्ज परत पाठवतो. हवी असलेली नोंद आधारवर आहे तशीच, त्याच क्रमात, त्याच स्पेलिंगमध्ये. खाली तुमची सही, कंपनीच्या अधिकृत माणसाची सही आणि शिक्का. शिक्का मारणाऱ्या माणसाची सही ईपीएफओकडे नमुन्यात नोंदलेली असावी लागते. कारखान्याच्या गेटवरच्या ऑफिसातून कुणीही सही केली तर चालत नाही, हे एचआरलाच विचारून घ्या.

सोबत किती कागद जोडायचे हे बदल किती मोठा यावर ठरतं. ईपीएफओच्या कार्यपद्धतीत किरकोळ बदलाला किमान दोन आणि मोठ्या बदलाला किमान तीन कागद मागितले आहेत. जन्मतारखेत तीन वर्षांपर्यंतचा फरक किरकोळ समजला जातो, त्यापुढचा मोठा. नावात एखाद-दोन अक्षरांचा फरक किरकोळ, पण नावच वेगळं दिसत असेल तर मोठा. आपल्या उदाहरणातला बदल एखादा अधिकारी किरकोळ मानेल, दुसरा मोठा. म्हणून तीन कागद पहिल्याच वेळी द्यावेत: आधार, पॅन आणि दहावीचं प्रमाणपत्र. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र हवंच, आणि नावच बदलून घेतलं असेल तर राजपत्राची प्रत.

अशी दुरुस्ती वारंवार करता येत नाही. नाव आणि जन्मतारीख या दोन्हींसाठी कार्यपद्धतीनं सभासदाच्या आयुष्यात एकच संधी धरली आहे. घाईत ‘बाबूराव’चं स्पेलिंग पुन्हा चुकवलं तर दुसऱ्या वेळी खुलासे देत बसावं लागतं.

हा अर्ज जुन्या कारखान्याच्या कार्यक्षेत्रातल्या कार्यालयात जातो. ते कार्यालय कोणतं हे मेंबर आयडीच्या पहिल्या पाच अक्षरांवरून कळतं. `PUPUN` ने सुरू होणारा आयडी पुण्याचा. नवी नोकरी नागपूरला असली तरी या कामापुरतं नागपूरचं कार्यालय काहीच करू शकत नाही.

नोंद बदलली की नव्यानं पासबुक डाउनलोड करून वरचं नाव बघा. ते बदललेलं दिसलं की `Manage` खालच्या `KYC` मधून आधार जोडा. या वेळी ते जोडलं जातं, कारण नाव, तारीख आणि लिंग तिन्ही जुळतात. मग हाच यूएएन नव्या कंपनीला द्या.

दुसरा यूएएन तयार झाला असेल तर

प्रत्यक्षात नवी कंपनी इतकी थांबत नाही. दर महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरावा लागतो. जुना यूएएन टाकला की माहिती जुळत नाही असा संदेश येतो आणि घाईत आधारवरून नवा यूएएन काढला जातो. आता एका माणसाचे दोन यूएएन झाले आणि आधार नव्याला जोडलं गेलं.

हे अवघड झालं असलं तरी क्रम बदलत नाही. आधी जुन्या यूएएनची आणि जुन्या मेंबर आयडीची नोंद वर सांगितल्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यायची, मगच ट्रान्सफर मागायची. जानेवारी 2025 च्या नियमानुसार दोन यूएएनपैकी एखादा ऑक्टोबर 2017 आधीचा असेल, तर कंपनीच्या मध्यस्थीशिवाय ट्रान्सफर तेव्हाच होते, जेव्हा दोन्ही एकाच आधारला जोडलेले असतात आणि दोन्हीकडे नाव, जन्मतारीख, लिंग एकसारखं असतं. यातली एखादी अट पुरी होत नसेल तर अर्ज कंपनीमार्फत जातो. तेव्हाही नोंदी एकसारख्या असणं हाच पाया राहतो. एचआरला सुरुवातीलाच जुना यूएएन लेखी दिलात आणि तो का लागत नाही हे सांगितलंत, तर ही फेरी वाचू शकते.

जुनी रक्कम काढून घेऊन प्रश्न मिटवण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. तो टाळावा. मुळात नाव जुळत नसताना पैसे काढण्याचा अर्जही त्याच कारणानं अडकतो. आणि सुटला तरी सेवेचा दुवा तुटतो: पाच वर्षांची सलग सेवा करासाठी मोजली जाते आणि पेन्शनचा हक्क मिळायला दहा वर्षांची. ट्रान्सफरनं ही वर्षं जोडली जातात, काढून घेण्यानं नाहीत.

आता ट्रान्सफरचा अर्ज

नोंदी जुळल्यावर अर्ज भरणं दहा मिनिटांचं काम आहे. पण त्याआधी `Service History` मध्ये जुन्या कंपनीची नोकरी सोडल्याची तारीख आहे का बघा. ती रिकामी असेल तर अर्ज पुढे सरकत नाही. कंपनीनं भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने उलटल्यावर `Manage` खालच्या `Mark Exit` मधून तुम्ही स्वतः भरू शकता.

`Online Services` खाली `One Member – One EPF Account (Transfer Request)` उघडा. वर तुमची माहिती आणि सध्याचं खातं दिसतं. ते बरोबर असल्याची खात्री करून जुना आयडी निवडा, ओटीपी टाका आणि अर्ज सादर करा. पुढची हालचाल `Track Claim Status` मध्ये दिसते. एप्रिल 2025 पासून फॉर्म 13 च्या, म्हणजे याच ट्रान्सफर अर्जाच्या नव्या पद्धतीत जुन्या कार्यालयानं मंजुरी दिली की रक्कम थेट नव्या खात्यात जाते, नव्या कार्यालयाची वेगळी मंजुरी लागत नाही. अडकलं तर कुठे विचारायचं याचं उत्तर त्यामुळे सोपं झालं: जुन्या मेंबर आयडीच्या कार्यालयात.

रक्कम आली की दोन्ही पासबुकं बघा. जुन्यात शिल्लक शून्य होते आणि नव्यात ट्रान्सफर इनची ओळ येते. त्या ओळीत तुमची वर्गणी आणि कंपनीची वर्गणी दिसते, पेन्शनच्या रकान्यात मात्र शून्य. हे बघून पुष्कळ जण घाबरतात आणि तक्रार करतात. पेन्शनच्या वाट्याचे पैसे खात्यातून खात्यात जातच नाहीत, फक्त सेवेचा काळ पुढे नेला जातो. तो नेला गेला का हे अ‍ॅनेक्श्चर के या कागदावर कळतं. जुनं कार्यालय तो तयार करतं आणि त्यात शिल्लक, व्याज आणि आधीच्या सेवेचा तपशील असतो. त्यातल्या रुजू होण्याच्या आणि सोडण्याच्या तारखा `Service History` शी ताडा आणि प्रत जपून ठेवा.

जुनी कंपनी बंद पडली असेल किंवा सही देत नसेल

कंपनी बंद झाली असेल तर जॉइंट डिक्लरेशनवर राजपत्रित अधिकारी, नोटरी, खासदार, पोस्टमास्तर किंवा ग्रामपंचायतीचे प्रमुख साक्षांकन करू शकतात. असा अर्ज थेट ईपीएफओ कार्यालयाच्या जनसंपर्क खिडकीवर द्यायचा. तुम्ही तिथे खरोखर नोकरीला होतात हे दाखवणारं काहीतरी जोडा: नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, पीएफची जुनी वार्षिक स्लिप. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

कंपनी चालू आहे पण एचआर उत्तर देत नाही, तेव्हा फोन करत राहण्यात महिने जातात. एक लेखी ईमेल पाठवा. त्यात मेंबर आयडी, चुकीची नोंद, बरोबर नोंद आणि जोडलेले कागद एवढंच असू द्या. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर तोच ईमेल जोडून `epfigms.gov.in` वर तक्रार नोंदवा आणि तिथे जुन्या आयडीचं कार्यालय निवडा. ‘पीएफ ट्रान्सफर होत नाही’ असं मोघम लिहिलंत तर ‘नाव जुळत नाही’ असं एका ओळीचं उत्तर येतं आणि तक्रार बंद होते. त्याऐवजी लिहा की अमुक मेंबर आयडीवर नाव असं आहे, ते असं हवं, जॉइंट डिक्लरेशनसाठी कंपनीला अमुक तारखेला लिहिलं, उत्तर नाही, कंपनीला निर्देश द्यावेत. दर महिन्याच्या 27 तारखेला होणाऱ्या ‘निधी आपके निकट’ शिबिरातही हेच कागद घेऊन जाता येतं. तिथे पासबुकांची छापील प्रत आणि तक्रारीचा नोंदणी क्रमांक सोबत ठेवा.